मास आधी हललं की जॅकेट? जॅकेटेड रिअ‍ॅक्टरवर कॅस्केड कंट्रोल लावण्यापूर्वी आणि लावताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने दौंडच्या अलीकडे आलं की कुरकुंभची एमआयडीसी लागते. केमिकल कारखान्यांची वस्ती. माझी बरीच वर्षं तिथल्या रिअ‍ॅक्टरांचे लूप ट्यून करण्यात गेली. त्यातल्या एका रिअ‍ॅक्टरवर आम्ही सिंगल लूप काढून कॅस्केड बसवला, म्हणजे एकात एक दोन लूप: बाहेरचा आतल्या मालाचं, म्हणजे मासचं, तापमान बघून जॅकेट किती अंशांवर हवं ते ठरवतो आणि आतला व्हॉल्व्ह हलवून जॅकेट तिथे आणतो. तेव्हा काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि कॅस्केडने कुठे हात टेकले, ते इथे सविस्तर लिहितो. आकडे त्याच रिअ‍ॅक्टरचे आहेत, फक्त हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

रिअ‍ॅक्टर ३,००० लिटरचा, ग्लास लाइन्ड. आत साधारण २,५०० किलो मास, त्यात बहुतेक सॉल्व्हंट. जॅकेटमधून एक पंप सतत पाणी फिरवतो, ताशी २० घनमीटर. या फिरत्या पाण्याच्या वाटेवर दोन प्लेट हीट एक्स्चेंजर आहेत: एकाला स्टीम, दुसऱ्याला चिल्ड वॉटर. मास ६५ अंशांवर धरायचं आणि वरून दोन तास डोसिंग करायचं. डोसिंग चालू असताना रिअ‍ॅक्शन साधारण ८० किलोवॉट उष्णता सोडते. मास ६७च्या वर गेलं की अशुद्धी वाढते, क्वालिटीवाले बॅच अडवतात.

आधी एकच लूप होता. मासचं तापमान बघायचं आणि थेट व्हॉल्व्ह हलवायचा. महिन्यातून दोन-तीन बॅचेसमध्ये मास दोन अंश वर जायचं आणि कारण सापडायचं नाही. शिफ्टला एक वयस्क ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं, "साहेब, शेजारचा रिअ‍ॅक्टर कूलिंगला लागला की आमचं पाणी पळतं. तुमच्या कंट्रोलरला ते अर्ध्या तासाने कळतं." निदान त्यांनीच करून दिलं होतं. पुढचं सगळं काम म्हणजे ते ट्रेंडवर सिद्ध करणं आणि त्यावर उपाय करणं.

पहिली पायरी: ट्रेंड उघडा आणि क्रम बघा

कॅस्केड लावायचा की नाही, हा निर्णय ट्यूनिंगच्या सूत्रांवरून होत नाही, तो जुन्या ट्रेंडवरून होतो. बिघडलेल्या पाच-सहा बॅचेस काढा. मासचं तापमान, जॅकेटच्या इनलेटचं तापमान, व्हॉल्व्हचं आउटपुट आणि जमलं तर चिल्ड वॉटर हेडरचं प्रेशर एकाच पानावर घ्या. मग एकच प्रश्न विचारा: आधी कोण हललं?

जॅकेट आधी हललं आणि मास नंतर त्याच्यामागे गेलं, तर गडबड जॅकेटच्या बाजूने आली. कॅस्केडचं औषध नेमकं या आजारावर आहे. मास आधी हललं आणि जॅकेट तोवर जागेवरच होतं, तर गडबड आतून आली, म्हणजे रिअ‍ॅक्शनमधून, डोसिंगमधून किंवा थंड कच्चा माल टाकल्यामुळे. तिथे आतल्या लूपला काही दिसणारच नाही, त्यामुळे तो काही करणारही नाही.

आमच्या ट्रेंडमध्ये चित्र स्वच्छ होतं. हेडरचं प्रेशर पडलं, चिल्ड वॉटरचा प्रवाह घटला आणि कूलिंग साधारण पाव हिश्श्याने कमी झालं, म्हणजे २० किलोवॉट गेले. जॅकेट लगेच जवळजवळ एक अंश वर उडालं आणि मग मिनिटाला ०.४ अंशाच्या चालीने चढत राहिलं. मास मात्र पहिली काही मिनिटं गप्प. वीस-पंचवीस मिनिटांनी ते दोन अंश वर गेलेलं दिसायचं. कंट्रोलर जागा होऊन व्हॉल्व्ह उघडू लागेपर्यंत जॅकेटमध्ये चुकीची उष्णता साठलेली असायची.

एवढा उशीर का होतो, हे एकदा हिशेबात बघून घ्या, पुढे ट्यूनिंगला हेच आकडे लागतात. या रिअ‍ॅक्टरची उष्णता देण्या-घेण्याची भिंत सुमारे ९ चौरस मीटर. ग्लास लायनिंगमुळे तिचं यू साधारण ३०० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. म्हणजे जॅकेट आणि मास यांच्यात एका अंशाचा फरक असेल तर २.७ किलोवॉट वाहतात.

```
UA   = 9 × 300 = 2.7 kW/°C
M·Cp = 2500 kg × 2.5 kJ/kg°C = 6250 kJ/°C
τ    = 6250 / 2.7 ≈ 2300 s ≈ 39 min
```

मासचा टाइम कॉन्स्टंट जवळजवळ ४० मिनिटं. जॅकेट आणि पाइपांत मिळून ७०० किलो पाणी आहे. मास स्थिर धरलं तर त्या पाण्याचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट १८ मिनिटं येतो. सिंगल लूपमध्ये हे दोन्ही आळशी टप्पे एकापाठोपाठ एक येतात, त्याशिवाय भिंतीचा आणि थर्मोवेलचा उशीर वेगळा. अशा साखळीवर गेन वाढवला की लूप डोलायला लागतो. म्हणून तो सगळीकडे सुस्तच ट्यून केलेला सापडतो, आमचाही तसाच होता.

इथे एक गैरसमज दूर करतो. "आतला लूप बाहेरच्यापेक्षा किमान तीन ते पाच पट जलद हवा" हा नियम सगळे सांगतात. मग कोणी १८ आणि ४० मिनिटांची तुलना करून म्हणतो की दोन पटही नाही, कॅस्केड जमणार नाही. ही तुलनाच चुकीची आहे. आतला लूप बंद केल्यावर, म्हणजे कंट्रोलर लावल्यावर, किती जलद होतो ते बघायचं असतं. जॅकेटचा डेड टाइम जेमतेम २० सेकंद आहे, त्यामुळे १८ मिनिटांच्या प्रोसेसलाही कंट्रोलर दीड मिनिटात वळवू शकतो. वेग ठरतो तो डेड टाइमवर.

दुसरी पायरी: सेन्सर आणि व्हॉल्व्ह

जॅकेटचं तापमान मोजायला आम्ही इनलेटवर पीटी-१०० बसवला, हीट एक्स्चेंजरच्या लगेच पुढे पण पाणी नीट मिसळल्यानंतर. आउटलेटवर बसवला असता तर जॅकेटमधून पाणी फिरून येण्याचा वेळ डेड टाइममध्ये भर घालत बसला असता. थर्मोवेल जाड असेल आणि आत सेन्सर सैल बसला असेल, तर तो एकटाच मिनिटभराचा उशीर खातो आणि मग आतल्या लूपला अर्थ उरत नाही. सेन्सर वेलच्या तळाला टेकलाय का, हे हाताने बघा.

व्हॉल्व्हकडे त्याहून जास्त लक्ष द्या. आतला लूप व्हॉल्व्हला आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळा हलवणार आहे. अर्धा-एक टक्का हलवल्यावर व्हॉल्व्ह खरंच हलतो का, ते तपासा: आउटपुट अर्ध्या टक्क्याने वाढवा, थांबा, पुन्हा वाढवा आणि पोझिशनरचं फीडबॅक बघा. आमचा चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह दोन टक्क्यांपर्यंत चिकटून राहायचा आणि मग उडी मारायचा. पॅकिंग बदललं, पोझिशनर पुन्हा कॅलिब्रेट केला, तेव्हा कुठे पुढे गेलो. चिकट व्हॉल्व्हवर कॅस्केड लावलात तर जॅकेटचा ट्रेंड करवतीच्या दातांसारखा दिसेल आणि तुम्ही आठवडाभर गेन बदलत बसाल.

स्टीम आणि चिल्ड वॉटर असे दोन व्हॉल्व्ह एकाच आउटपुटवर चालवायचे म्हणजे स्प्लिट रेंज आलीच. सवयीने लोक ५० टक्क्यांवर दुभागणी करतात. आमचा स्टीम व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर २४० किलोवॉट देत होता, चिल्ड वॉटर पूर्ण उघडल्यावर १६० काढत होतं. ५० वर दुभागणी ठेवली असती तर हीटिंगच्या बाजूचा गेन कूलिंगच्या दीडपट झाला असता आणि एकाच ट्यूनिंगने दोन्ही बाजू धरता आल्या नसत्या. म्हणून ४० वर दुभागलं: ० ते ४० चिल्ड वॉटर (० म्हणजे पूर्ण उघडं), ४० ते १०० स्टीम. आता आउटपुटचा एक टक्का म्हणजे दोन्हीकडे ४ किलोवॉट. ८० किलोवॉट काढायचे असतील तर आउटपुट २० टक्क्यांवर बसतं.

तिसरी पायरी: आतला लूप, आणि तोच आधी

बाहेरचा लूप मॅन्युअलला. आतलाही मॅन्युअलला. जॅकेट स्थिर होऊ द्या. मग आउटपुट ६ टक्क्यांनी वाढवा आणि तीन-चार मिनिटं बघा.

आमच्याकडे २० सेकंद काहीच झालं नाही. मग तापमान झटकन एक अंशाच्या आसपास चढलं आणि पुढे मिनिटाला अर्ध्या अंशाने चढत राहिलं. पहिली उडी एक्स्चेंजरमधून आलेल्या गरम पाण्याची, नंतरची संथ चढण सगळं फिरतं पाणी हळूहळू तापण्याची. तीन मिनिटांत एकूण २.४ अंश. इथे अनेक जण तापमान स्थिर होण्याची वाट बघतात आणि तासभर घालवतात. त्याची गरज नाही. तीन मिनिटांत २.४ म्हणजे मिनिटाला ०.८ अंश, एवढा उतार पुरेसा आहे. याला उतारावरची प्रोसेस समजून हिशेब करायचा:

```
k  = 0.8 / 6 = 0.133  °C/min प्रति 1%
θ  = 20 s
λ  = 70 s           → λ + θ = 90 s = 1.5 min
Kc = 1 / (0.133 × 1.5) = 5 %/°C
Ti = 4 × 1.5 = 6 min
```

लॅम्डा म्हणजे लूपने किती वेळात वळावं ही आपली मागणी. ती डेड टाइमच्या तीन-चार पट ठेवली की लूप घाबरत नाही.

आता एक अशी चूक सांगतो जी मी स्वतः केली आहे. ५ हा गेन टक्के प्रति अंश आहे. पण बहुतेक कंट्रोल सिस्टीम गेन टक्के प्रति टक्का मागतात, म्हणजे तापमान ट्रान्समीटरच्या स्पॅनच्या टक्क्यांत. स्पॅन ०-१५० अंश असेल तर एक टक्का म्हणजे दीड अंश, म्हणून स्क्रीनवर भरायचा आकडा ५ नसून ७.५. प्रपोर्शनल बँड मागणारी जुनी सिस्टीम असेल तर तो सुमारे १३ टक्के. इंटिग्रल मिनिटांत हवा, सेकंदांत हवा की मिनिटाला रिपीट्समध्ये, तेही बघून घ्या. डेरिव्हेटिव्ह शून्य.

लूप ऑटोला टाका आणि जॅकेटचा सेट पॉइंट तीन अंशांनी बदला. जॅकेटने तीन-चार मिनिटांत नव्या जागेजवळ यावं. ते थोडं ओलांडून परत आलं तरी चालेल. ही चाचणी कूलिंगच्या बाजूला पुन्हा करा, कारण तिथले आकडे वेगळे निघू शकतात. वेगळे निघाले तर ज्या बाजूचा गेन जास्त, त्या बाजूप्रमाणे ट्यून करा. ४० टक्क्यांच्या आसपास दोन्ही व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असतात. तिथे जॅकेट इकडून तिकडे रेंगाळत असेल तर दुभागणीच्या मधली मोकळी पट्टी फार रुंद झाली आहे, असं समजा.

हा लूप मनासारखा होईपर्यंत बाहेरच्याला हात लावू नका. निदानाची एक सोपी खूण लक्षात ठेवा. बाहेरचा लूप मॅन्युअलला असतानाही जॅकेट डोलत असेल, तर दोष आतच आहे: व्हॉल्व्ह, सेन्सर किंवा गेन. बाहेरचा ऑटोला टाकल्यावरच डोलणं सुरू झालं आणि एका झोक्याला वीस-तीस मिनिटं लागत असतील, तर बाहेरचा गेन जास्त झाला.

चौथी पायरी: बाहेरचा लूप

आता आतला लूप कॅस्केडमध्ये, म्हणजे बाहेरच्याकडून सेट पॉइंट घेणारा. बाहेरच्याचं आउटपुट आता व्हॉल्व्हची टक्केवारी राहिलेलं नाही, ते जॅकेटचं तापमान आहे. आउटपुटची रेंजही ०-१५० अंशच ठेवा. मासच्या ट्रान्समीटरचीही तीच ठेवलीत तर अंशातला गेन आणि स्क्रीनवरचा गेन एकच राहतो आणि वर सांगितलेली चूक करायला जागा उरत नाही.

बाहेरच्याला मॅन्युअलला ठेवून जॅकेटचा सेट पॉइंट १० अंशांनी बदला आणि मासचा उतार बघा. आमच्याकडे पहिली ४ मिनिटं मास हललं नाही (भिंत, थर्मोवेल आणि आतल्या लूपचा स्वतःचा उशीर धरून), नंतर मिनिटाला पाव अंशाने चढू लागलं. १० अंशांवर पाव अंश म्हणजे टाइम कॉन्स्टंट ४० मिनिटं. वर कागदावर ३९ आला होता, तेव्हा दोन्ही हिशेब बरोबर बसले. जॅकेट एक अंश बदललं की मासही शेवटी जवळजवळ एक अंशच बदलतं, म्हणून प्रोसेस गेन १ धरला.

```
λ  = 8 min,  θ = 4 min
Kc = 40 / (1 × 12) = 3.3 °C/°C
Ti = 40 min
```

ही चाचणी खऱ्या मासवर करा, वॉटर ट्रायलवर नको. पाण्याचं सीपी ४.२ आहे, त्यामुळे २,५०० किलो पाण्यावर तोच टाइम कॉन्स्टंट ६५ मिनिटं येतो. त्या आकड्यांनी ट्यून केलेला लूप खऱ्या बॅचमध्ये गरजेपेक्षा तिखट निघतो. कमिशनिंगच्या दिवशी सगळं गुळगुळीत चाललं आणि पहिल्याच बॅचला मास डोललं, ही तक्रार मी दोन-तीन ठिकाणी ऐकली. प्रत्येक वेळी मुळाशी वॉटर ट्रायल होती.

आतल्या लूपचे ७० सेकंद आणि बाहेरच्याचे ८ मिनिटं, यांच्यात जवळजवळ सात पटींचं अंतर आहे. तीन पटींच्या खाली आलात की दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

पाचवी पायरी: दोघांना एकमेकांचं ऐकू येतं का

कॅस्केडचे अर्धे घोटाळे ट्यूनिंगमध्ये नसतात, जोडणीत असतात.

मास ३० वरून ६५ला तापवताना बाहेरचा लूप जॅकेटला ९० मागतो. स्टीम पूर्ण उघडी आहे आणि जॅकेट ८२च्या पुढे जात नाही. बाहेरच्याला हे कळलं नाही तर तो इंटिग्रल साठवत राहतो. मग मास ६५ला पोहोचल्यावरही त्याचं आउटपुट बराच वेळ वरच अडकून बसतं आणि मास ७०ला जातं. उपाय असा की बाहेरच्याच्या इंटिग्रलला त्याचं स्वतःचं आउटपुट न देता जॅकेटचं खरं तापमान परत द्यायचं. जॅकेट अडलं की इंटिग्रलही अडतो. फील्डबस पद्धतीच्या ब्लॉक्समध्ये आतल्या लूपचं `BKCAL_OUT` बाहेरच्याच्या `BKCAL_IN` ला जोडावं लागतं. ही जोडणी आतला लूप अडल्याचं बाहेरच्याला कळवते आणि आतला लूप कॅस्केडमध्ये नसताना बाहेरच्याला चालू सेट पॉइंटवर बसवून ठेवते. खऱ्या जॅकेट तापमानाचं फीडबॅक वापरायचं की नुसती अडल्याची खूण, हा पर्याय बहुतेक सिस्टीममध्ये वेगळा निवडावा लागतो, तो निवडला आहे का ते बघा.

जोडणी बरोबर आहे का, हे कळायला एक मिनिट पुरतं. आतला लूप ऑटोला घ्या आणि जॅकेटचा सेट पॉइंट हाताने चार अंशांनी बदला. बाहेरच्याचं आउटपुट आपोआप तिथे आलं पाहिजे. मग परत कॅस्केडला टाका. सेट पॉइंटने उडी मारली तर जोडणी चुकली आहे.

बाहेरच्याच्या आउटपुटला मर्यादाही घाला. आम्ही वर ९० आणि खाली १५ ठेवली. फार थंड जॅकेटमुळे आमचा प्रॉडक्ट भिंतीवर जमायचा आणि ग्लास लायनिंगला जॅकेट-मासमधला मोठा फरक सोसत नाही. तो किती चालतो, हे रिअ‍ॅक्टर बनवणाऱ्याच्या चार्टवरून घ्या, अंदाजाने नको. ही मर्यादा अंशांत घालता येणं हा कॅस्केडचा एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सिंगल लूपमध्ये तुम्ही व्हॉल्व्हला "६० टक्क्यांच्या वर जाऊ नकोस" एवढंच सांगू शकता. त्या ६० टक्क्यांना जॅकेट किती तापेल, ते स्टीमच्या प्रेशरवर ठरतं.

आता खरी परीक्षा

डोसिंग चालू, मास ६५, जॅकेट ३५ (८० भागिले २.७ म्हणजे ३० अंशांचा फरक), आउटपुट २०. मे महिन्याची दुपार. दौंड परिसरातलं ऊन सांगायला नको. शेजारचा रिअ‍ॅक्टर कूलिंगला लागला, हेडरचं प्रेशर पडलं, आमचे २० किलोवॉट गेले.

जॅकेट एक अंशाच्या आसपास वर गेलं. आतल्या लूपने मिनिटाभरात आउटपुट १६ वर आणलं आणि पुढच्या काही मिनिटांत १३ वर. आता व्हॉल्व्हच्या एका टक्क्यात पूर्वीचे चार नव्हे, तीनच किलोवॉट होते, म्हणून पाचऐवजी जवळजवळ सात टक्के लागले. दहा-बारा मिनिटांत जॅकेट परत ३५. मासचा ट्रेंड बघितला तर ०.१ ते ०.२ अंशाची सूज. सिंगल लूपवर हेच दोन अंश व्हायचं. मामा स्क्रीनजवळ उभे होते, म्हणाले, "पाणी पळालं होतं का? मला तर कळलंच नाही."

याच्या मागे एक अट आहे आणि ती विसरू नका: व्हॉल्व्हकडे उघडायला जागा शिल्लक होती. आउटपुट आधीच ३ टक्क्यांवर असतं, तर आतला लूप शून्यावर जाऊन टेकला असता आणि कॅस्केड असून नसल्यासारखा झाला असता. थंडी पुरवायला हेडरमध्ये मुळात पाणीच नसेल तर तो प्रश्न युटिलिटीवाल्यांचा आहे.

जिथे कॅस्केड जिंकत नाही

त्याच बॅचमध्ये, त्याच दिवशी, डोसिंग सुरू होताना मात्र कॅस्केडच्या भरवशावर राहिलो असतो तर बॅच गेली असती. हिशेब बघा. ८० किलोवॉट एकदम आले तर मास मिनिटाला जवळजवळ पाऊण अंशाने तापतं. जॅकेटला ३० अंश खाली यायचं आहे आणि बाहेरच्या लूपचा गेन ३.३. म्हणजे जॅकेटला एवढं खाली ओढण्याइतका हट्ट बाहेरच्या लूपमध्ये येईपर्यंत मास सहा-सात अंश वर गेलेलं असेल. उष्णता मासमध्येच जन्मली, जॅकेटला तिचा पत्ता मासकडूनच लागणार. आतला लूप कितीही चपळ असला तरी त्याच्यापर्यंत बातमीच उशिरा येते. कॅस्केडमुळे बाहेरचा गेन सिंगल लूपपेक्षा जास्त ठेवता आला, एवढाच काय तो फायदा.

सिंगल लूपच्या दिवसांत हे कसं निभावलं जायचं? मामा डोसिंगच्या आधी कंट्रोलर मॅन्युअलला घेऊन चिल्ड वॉटर थोडं उघडून ठेवायचे. हातानेच चालवलेला फीडफॉरवर्ड. आम्ही तोच लूपमध्ये घातला, आणि कॅस्केड असल्यामुळे तो अंशांत लिहिता आला. ताशी २०० किलो डोसिंगला ८० किलोवॉट, म्हणजे ३० अंश. तेव्हा ताशी दर १० किलोमागे जॅकेटचा सेट पॉइंट दीड अंशाने खाली. पूर्ण दीड न देता आम्ही १.१ दिला, उरलेलं बाहेरच्या लूपवर सोडलं आणि डोसिंगही पंधरा मिनिटांत हळूहळू वाढवलं.

याच्यात एक धोका आहे. डोसिंग चालू आहे पण रिअ‍ॅक्शन सुरूच झाली नाही, तर फीडफॉरवर्ड मासला उगाच थंड करेल. थंड मासमध्ये रिअ‍ॅक्शन आणखी मंदावेल, टाकलेला माल साठत जाईल आणि नंतर एकदम पेटेल. म्हणून मास ६२च्या खाली गेलं की डोसिंग बंद करणारा इंटरलॉक लावला, वरच्या मर्यादेवरचा होताच. फीडफॉरवर्ड लावणाऱ्याने खालच्या मर्यादेचा इंटरलॉक लावल्याशिवाय घरी जाऊ नये.

आणखी दोन ठिकाणी मी कॅस्केड लावत नाही. एक, जिथे युटिलिटी स्थिर आहे, रिअ‍ॅक्टर एकटाच आहे आणि मासवर दोन-तीन अंश चालतात. तिथे दुसरा सेन्सर, दुसरा लूप आणि ऑपरेटरला दोन मोड शिकवणं, याचं मोल वसूल होत नाही. दोन, जिथे जॅकेटमध्ये थेट स्टीम सोडतात. तिथे आतल्या लूपला जॅकेटचं तापमान न देता स्टीमचं प्रेशर द्यावं. स्टीम कंडेन्स होत असताना प्रेशर आणि तापमान बांधलेलेच असतात आणि प्रेशर ट्रान्समीटर थर्मोवेलपेक्षा कितीतरी लवकर बोलतो. मात्र जॅकेटमध्ये हवा अडकली असेल किंवा ट्रॅपमधून कंडेन्सेट निघत नसेल, तर प्रेशर बरोबर दिसूनही जॅकेट थंडच राहतं.

शेवटी कॅस्केडची एक लबाडी. तो जॅकेटमधला मळ लपवतो. बोअरच्या जड पाण्याने भिंतीवर थर बसला की यूए घटतो आणि बाहेरचा लूप गुपचूप जॅकेटला आणखी थंड मागतो. मास ६५ वर सरळ रेषेत, सगळे खूश. आमच्याकडे त्याच डोसिंगला जॅकेट ३५ ऐवजी २८ लागू लागलं तेव्हा हिशेब केला: ८० भागिले ३७, म्हणजे यूए २.७ वरून २.२ वर आलेला. तेव्हापासून दर बॅचच्या मध्यावर मास आणि जॅकेटमधला फरक लॉगबुकात लिहायला लावला आहे. तो ३५ अंशांवर गेला की जॅकेटच्या डिस्केलिंगचं पत्र मेंटेनन्सला जातं.